एक युनिट म्हणजे किती

लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत. विद्यार्थी म्हणत, ऑफिसमधले म्हणत, आणि सरही म्हणत. ज्या बाईला तिचे गाईडसुद्धा ताई म्हणतात, तिला उद्या डॉक्टर कोण म्हणणार, ही शंका पहिल्यांदा बोलून दाखवली ती वहिनीनं.

"वन्सं, तुम्ही तिथं सगळ्यांच्या ताई झाल्यात. ताईला कुणी पगारवाढ देतं का? ताईला ओवाळणी घालून मोकळे होतात लोक."

ताई हसली होती. तेव्हा तिला हसायला परवडत होतं. एम.एस्सी. झाल्या झाल्या ती एका प्रकल्पावर तात्पुरती लागली, आणि तिचं तात्पुरतेपण मग कायमचं झालं. प्रकल्प संपायचा, नवा यायचा, आणि सर दर वेळी मुदतवाढीच्या कागदावर सही करून म्हणायचे, "ताई, लॅब तुमच्याशिवाय चालायची नाही." वडिलांच्या आजारपणात लग्नाचं बोलणं मागे पडलं, मग कुणी ते काढेनासं झालं. वडील गेले त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात गाडी घेऊन सरच उभे होते. हे ती कधी विसरली नाही. विसरली असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा तिच्या कानशिलांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. विषय सरांनीच दिला: एकाच पिकाचं खारवट पाणी सोसणारं वाण आणि साधं वाण, दोन्हींच्या पानांतलं एकच एन्झाइम मोजायचं.

ते एन्झाइम म्हणजे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. मुळांना मीठ लागलं की पानाच्या पेशीत ऑक्सिजनचं एक बिथरलेलं रूप तयार होतं, सुपरऑक्साइड. ते दिसेल त्याला चावत सुटतं. हे एन्झाइम त्याला धरतं आणि गप्प करतं. पण एन्झाइम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते मोजायची रीत उफराटी आहे. परीक्षानळीत फिकट पिवळसर रंगद्रव्य घ्यायचं, त्यात बाकीची रसायनं, आणि सगळ्यात शेवटी रायबोफ्लेविन. मग नळ्या ट्यूबलाइटच्या पेटीत ठेवायच्या. उजेड पडला की रायबोफ्लेविनमुळे नळीत मुद्दामच सुपरऑक्साइड तयार व्हायला लागतं, ते रंगद्रव्यावर तुटून पडतं आणि नळी निळी होत जाते. आता त्याच मिश्रणात पानाचा अर्क घातला, तर अर्कातलं एन्झाइम सुपरऑक्साइडला वाटेतच अडवतं. रंग कमी चढतो. म्हणजे जे झालं ते मोजायचं नाही, जे होऊ दिलं नाही ते मोजायचं.

ताईला हे पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. "आपल्यासारखंच आहे," ती एकदा वहिनीला म्हणाली. "घरात भांडण झालं नाही, तर ते कुणामुळे झालं नाही हे कोण मोजतं?"

"मी मोजते," वहिनी म्हणाली. "माझ्यामुळे."

आणि युनिट? जेवढ्या अर्कानं निळा रंग निम्म्यावर येतो, तेवढ्या अर्कात एक युनिट. एवढंच. किलो-लिटरसारखं हे माप कुठे कपाटात ठेवलेलं नाही. ते त्या नळीत, त्या दिव्याखाली, तेवढ्या मिश्रणातच जन्मतं.

सरांच्या लॅबमध्ये मात्र हे युनिट काढायची एक सोपी पद्धत पडली होती. प्रत्येक नळीत शंभर मायक्रोलिटर अर्क घालायचा, रंग किती टक्के अडला ते बघायचं, आणि त्याला पन्नासनं भागायचं. ऐंशी टक्के अडला, तर एक पूर्णांक सहा युनिट. सरांचा गाजलेला पेपर याच भागाकारावर उभा होता. त्याचा निष्कर्ष असा, की साध्या वाणात आणि सोशिक वाणात या एन्झाइमचा काही फरक नसतो. सोशिकपणा मुळांत असतो, पानांत शोधू नका. लोक पानांत शोधायचे थांबले होते.

आणि एका सकाळी ताईच्या हातून नळी सांडली.

सोशिक वाणाचा अर्क, बर्फातून काढताना बोटं बधीर झालेली, नळी घसरली आणि बहुतेक सगळा अर्क टेबलावर. तळाशी थोडासा उरला. शंभर मायक्रोलिटर भरणार नव्हतेच. फुकट घालवण्यापेक्षा दहा घालून बघू, म्हणून तिनं दहाच घातले. दहावा भाग घातला, तर परिणामही दहावा भाग व्हायला हवा. शंभरला अठ्ठ्याऐंशी टक्के रंग अडत होता, तर दहाला नऊएक टक्के.

रंग मोजणाऱ्या मशीननं सांगितलं, एकसष्ट.

ताईनं नळी उजेडाकडे धरली, पुन्हा मशीनमध्ये ठेवली. एकसष्ट. मग तिनं साध्या वाणाचा अर्क काढला आणि त्याचेही दहाच घातले. छत्तीस. शंभरला हीच दोन वाणं ऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी, जवळजवळ जुळी भावंडं. दहाला मात्र एक कुठे आणि दुसरं कुठे.

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. मग उठली आणि कामाला लागली. दोन्ही अर्कांचे दोन, पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर असे भाग घातले. दोन्हींत प्रथिनं सारखी आहेत ना ते पाहिलं. उकळून मारलेला अर्क घालून पाहिला, तर रंग जवळजवळ अडलाच नाही, म्हणजे अडवणारं एन्झाइमच होतं, दुसरं काही नाही. पेटीत दिव्याजवळच्या नळ्यांना जास्त उजेड मिळतो म्हणून नळ्यांच्या जागा बदलून पुन्हा केलं. वक्ररेषा काढली. सुरुवातीला ती ताठ चढत होती आणि मग वाकून छताला टेकून सपाट होत होती. शंभरवर दोन्ही वाणं छतालाच चिकटलेली. रंग निम्म्यावर यायला साध्या वाणाचे अठरा मायक्रोलिटर लागत होते. सोशिक वाणाचे सहा.

तिप्पट. पानांत होतं. सगळा वेळ पानांतच होतं.

सरांच्या केबिनमध्ये ती कागद घेऊन गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणतात, आणि सरांनी ते ओळखलं. ते पाहून त्यांनाही बरं वाटलं, कागद वाचेपर्यंत.

"हं," ते म्हणाले. "बसा ताई."

"सर, शंभरला फरक दिसत नाही, कारण दोन्ही वर जाऊन टेकलेत. आधी पातळ करायला हवं. पन्नासच्या आसपास आणून मगच..."

"मला वक्ररेषा वाचता येते."

"हो सर."

"ताई, युनिट म्हणजे शेवटी काय? करार. आपल्या लॅबचा करार हा आहे. इतकी वर्षं याच करारावर काम केलंय आपण."

"करार दोघांत होतो सर. एन्झाइमनं सही केलेली नाही."

सर हसले. त्यांना विनोद कळत, हे त्यांचं वाईट होतं. निव्वळ दगड असते तर ताईनं डोकं आपटून घेतलं असतं आणि घरी गेली असती. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"कायम जागेची मुलाखत जवळ आलीये. डिग्री हातात नसेल तर तुमचा अर्ज उघडणारसुद्धा नाहीत. तुम्ही आता नवं प्रकरण घालायचं म्हणालात, तर सगळे नमुने पुन्हा करा, पुन्हा समितीपुढे जा, पुन्हा तारीख. आणि हे वय..." ते थांबले. "ही जागा परत कधी निघेल, मी सांगू शकत नाही."

"म्हणजे जुन्याच पद्धतीनं द्यायचं?"

"मी म्हणत नाही. निर्णय तुमचा. मी फक्त तारखा सांगतोय."

संध्याकाळी वहिनी भांडी घासत होती आणि ताई पुसत होती. या घरात महत्त्वाचं सगळं याच ओट्यापाशी ठरे. दादा बाहेर टीव्हीचा आवाज वाढवून आपण ऐकत नसल्याचं दाखवत बसे.

"समजा एक वजनकाटा आहे," ताई म्हणाली. "त्याचे आकडे पन्नास किलोपर्यंतच. मी चढले, काटा टोकाला. तू चढलीस, टोकाला. तुझा नवरा चढला..."

"काटा मोडला."

"टोकाला गं. आणि मी लिहिलं, तिघांचं वजन सारखं."

वहिनीनं हात थांबवले. "आणि सर म्हणतात लिहा?"

"सर म्हणतात, निर्णय तुमचा."

"म्हणजे लिहा." वहिनीनं पुन्हा तवा घासायला घेतला. "मुलाखतीत हा काटा कुणी विचारणार आहे?"

"नाही. पीएच.डी. आहे की नाही, एवढंच."

"मग मला एक सांगा, काटा पळून जातोय का? आत्ता डिग्री घ्या, नोकरी घ्या, आणि मग खुर्चीत बसून काय तो काटा दुरुस्त करा. आत्ता खरं बोललात तर खरंही तुमचंच आणि घरी बसणंही तुमचंच."

"तुझा सल्ला चुकीचा नाही."

"मग तोंड असं का केलंत?"

"चुकीचा असता तर बरं झालं असतं."

ताईनं तक्ते भरले. एक पूर्णांक सहा, एक पूर्णांक सात, एक पूर्णांक आठ. पानामागून पान, एखाद्या आळीत सगळ्यांनी एकाच रंगाचे दरवाजे लावावेत तसे. पातळ करून केलेलं काम तिनं प्रबंधात कुठेच घेतलं नाही, तळटीपेतसुद्धा नाही. सरांनी सही केली, आणि पहिल्यांदाच आपण होऊन चहा मागवला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई ठेंगण्या, सुती कपड्यातल्या, आणि प्रवासानं वैतागलेल्या होत्या. विभागातली माणसं मागच्या खुर्च्यांवर दाटीनं बसली होती. ताईनं पडद्यावर एकेक चित्र दाखवलं, आवाज बरा लागला, सर मान डोलावत राहिले. मग बाईंनी प्रबंध उघडला.

"तक्ते छान आहेत. नीटनेटके." त्यांनी पान उलटलं. "एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या नळीत एन्झाइम खूप ओतलं, अगदी बादलीभर, तर रंग जास्तीत जास्त किती टक्के अडेल?"

"शंभर."

"त्याला पन्नासनं भागा."

ताईनं पडद्यावरच्या तक्त्याकडे पाहिलं.

"भागा ना. सोपं आहे."

"दोन."

"म्हणजे तुमच्या या सूत्रानं एका नळीत दोनच्या वर युनिट येऊच शकत नाहीत. सगळ्या जगातली पानं वाटून घातलीत तरी दोन. आणि तुमचे आकडे सगळे एक पूर्णांक सहा ते आठ." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही वाणं मोजली नाहीत. तुम्ही छत मोजलंत. अर्क पातळ करून का नाही पाहिला?"

उत्तर ताईपाशी तयार होतं, अठरा आणि सहा, वक्ररेषेसकट. केलं होतं, हे तिला सांगता आलं असतं. मग बाईंनी विचारलं असतं, मग लिहिलं का नाहीत? आणि त्या प्रश्नाचं उत्तर बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसलं होतं.

तिनं सरांकडे पाहिलं. तेवढ्या वेळात त्यांना बोलता आलं असतं. आणि ते बोललेच.

"खरं आहे मॅडम," सर म्हणाले. "हे मी यांना सुचवलं होतं. वेळेअभावी झालं नसावं."

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. ताई सरांकडे बघत राहिली. ते समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होते, काय लिहीत होते देव जाणे. हॉस्पिटलच्या दारातली गाडी तिला आठवली. आपण ते ऋण याच क्षणी फेडतोय, आणि फेडून झालं की दोघांनाही एकमेकांचं तोंड बघवणार नाही, हेही तिला कळलं.

"राहून गेलं," ती म्हणाली.

"राहून जातं ते गॅसवरचं दूध," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता कंटाळा होता, आणि तो जास्त लागला. "सगळे नमुने पुन्हा करा. प्रत्येक अर्क पातळ करत न्या, निम्म्या रंगाचा बिंदू काढा, आणि मग युनिट लिहा. सुधारलेला प्रबंध आला की बघू."

नमुने उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये शाबूत होते, म्हणून निदान पुन्हा पेरणी करावी लागली नाही. पण मुलाखत थोडीच फ्रीजरमध्ये ठेवता येते? ती ठरल्या दिवशी झाली. कायम जागेवर दुसऱ्या गावचा एक मुलगा लागला. पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो लॅबमध्ये आला तेव्हा रंग आणखी चढू नये म्हणून ताई काळ्या कापडाखाली नळ्या झाकत होती. "ताई ना तुम्ही?" तो म्हणाला. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. मशीन कुठलं कुठे आहे ते मला तुम्हीच दाखवा म्हणाले." तिनं दाखवलं.

महिनोन् महिने ती पातळ करत राहिली. अर्क, बर्फ, नळ्या, उजेड, काळं कापड, मशीन. आकडे आले ते देखणे होते. एका वाणातच नव्हे, सोशिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्याच वाणांत एन्झाइम दुप्पट-तिप्पट होतं, आणि मीठ वाढवलं की आणखी चढत होतं. इतकं स्वच्छ उत्तर आयुष्यात एखाद्याच वेळी येतं. ताईनं ते पाहिलं आणि उठून हात धुतले.

प्रबंध मंजूर झाला. वहिनीनं त्या दिवशी दारातच तिला "या डॉक्टर" म्हटलं, आणि मग स्वतःच डोळे पुसत आत गेली, कारण म्हणताना आवाज जमला नव्हता.

"माझंच चुकलं," रात्री ओट्यापाशी ती म्हणाली. "आत्ता डिग्री घ्या म्हणाले मी."

"तू चुकली नाहीस. तू तारखा बघून बोललीस."

"सरांसारखं?"

"नाही गं. तू 'निर्णय तुमचा' असं नाही म्हणालीस."

यानंतर सर बदलले, असं लोक म्हणतात. त्यांनी आपल्या जुन्या पेपरवर आपण होऊन टीका केली. दोन ठिकाणी भाषणं दिली: पातळ न करता केलेलं मोजमाप कसं फसवतं, छताला चिकटलेले आकडे, जगातली सगळी पानं घातली तरी दोनच युनिट. सभागृहं हसली. आपली चूक मान्य करायला केवढं मोठं मन लागतं, असं एका कार्यक्रमात अध्यक्ष म्हणाले, आणि ताई मागच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या मोजत बसली होती, कारण बाटल्या कमी पडल्याचा निरोप आला होता.

मग त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. नवा पेपर. तिचे सगळे आकडे, तिच्या वक्ररेषा. पहिलं नाव सरांचं, दुसरं नव्या मुलाचं, त्यानं आलेख रंगीत करून दिले होते. तिसरं तिचं.

ताईनं क्रमाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं पद्धतीचा परिच्छेद वाचला.

"सर, युनिटची व्याख्या अर्धवट आहे."

"कुठे? रंग निम्म्यावर आणणारं एन्झाइम म्हणजे एक युनिट. लिहिलंय की."

"किती मिश्रणात? आपण तीन मिलिलिटरमध्ये केलंय. उद्या कुणी छोट्या प्लेटमध्ये पाव मिलिलिटरमध्ये करेल, तर निम्म्यावर यायला बाराव्या हिश्शाइतकंच एन्झाइम पुरेल, आणि त्याची युनिटं बारापट होतील. पान तेच. तो म्हणेल माझं वाण बारापट सोशिक. मिश्रण किती, उजेड किती, किती मिनिटं, तापमान काय, आणि निम्मा बिंदू पातळ करत नेऊन काढलाय, हे सगळं व्याख्येतच हवं."

"ताई, शब्दमर्यादा आहे."

"एकच वाक्य आहे सर."

"लांब आहे. मी कुठून काढू शब्द?"

ताईनं कागद टेबलावर ठेवला. तिला राग आला नव्हता. राग यायला हवा होता तेव्हा ती परीक्षक बाईंसमोर "राहून गेलं" म्हणत होती.

"मग माझं नाव काढा," ती म्हणाली. "त्या जागेत बसेल."

तिला वाटलं, ते हसतील. विनोद कळत असे त्यांना. सर संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले, माउसचं चाक बोटानं वरखाली फिरवत. मग म्हणाले, "बघतो."

पेपर छापून आला तेव्हा तिनं तो घरी नेला, कारण वहिनीला बघायचा होता. वहिनीनं हात पुसून कागद घेतला आणि वरच्या नावांवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"तुम्ही कुठे आहात?"

ताईनं शेवटचं पान उलटून दाखवलं. बारीक अक्षरात तिचं नाव होतं, तांत्रिक साहाय्याबद्दल आभार. मग केबिनमधलं बोलणं तिनं वहिनीला सांगितलं.

"आणि ते वाक्य?"

ते होतं. पद्धतीच्या परिच्छेदात, जसंच्या तसं: तीन मिलिलिटर, उजेड, मिनिटं, तापमान, पातळ करत नेलेली मालिका. एक शब्दही गाळलेला नव्हता. वहिनीला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, तरी तिनं बोटानं त्याची लांबी मापली, आणि तिच्या हिशेबी मनाला ते पटेना.

"वन्सं, तुमचं नाव दोन शब्दांचं. हे वाक्य चांगलं चार ओळींचं. एक काढून दुसरं बसलं कसं?"

"लेखकांची नावं शब्दमर्यादेत मोजतच नाहीत गं."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. "हे सरांना माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"आणि तुम्हाला?"

"मलाही," ताई म्हणाली, आणि पुसायला ताट घेतलं.